हजेरीपट टाइप करताना खुणा एक घर का सरकतात?

प्रश्न: आमच्या रावेर तालुक्यातल्या शाळेचा ऑगस्ट २०२५चा हातानं लिहिलेला हजेरीपट शीटमध्ये उतरवतोय. ओळीची बेरीज जुळते, पण तारखा चुकतात. कसं सापडेल?

उत्तर: बहुतेक वेळा रविवारच्या रकान्यामुळे असं होतं. वहीत तिथं वरून खाली एकदाच ‘रविवार’ लिहिलेलं असतं, त्यामुळे टाइप करताना तो रकाना सुटतो. १० तारखेचा रविवार सुटला, की सोमवार ११ची खूण १०च्या घरात बसते आणि महिनाअखेरपर्यंत सगळं एक घर डावीकडे जातं. ओळीतले ‘ह’ तेवढेच राहतात, म्हणून ओळीची बेरीज ही चूक पकडत नाही.

टाइप करण्याआधीच ३, १०, १७, २४, ३१ या रकान्यांत सगळीकडे ‘र’ भरून ठेवा. मग ओळ ओळीनं उतरवा, पण तपासणी उभी करा. वहीत खाली रोजची हजर संख्या असते, तिच्याशी प्रत्येक तारीख ताडून पाहा. नावं C च्या आधी आणि विद्यार्थी ३ ते ४२ ओळींत असतील, तर १ तारखेसाठी:

```
=COUNTIF(C3:C42,"ह")
```

सलग अनेक तारखांना फरक दिसला, तर फरक सुरू होतो त्याच्या लगेच आधीचा रविवार बघा. ‘र’ पुसून ‘ह’ किंवा ‘गै’ आलेली ओळ सापडेल.

आमच्याकडे एका वर्गात पाटील, महाजन, चौधरी ढिगानं असतात, म्हणून ओळ आडनावावरून नको, हजेरी क्रमांकावरून धरा. न लागणाऱ्या खुणेला ‘?’ द्या. रिकामं घर म्हणजे गैरहजर, असं कधीच धरू नका.