सहा वर्षांचं पोरगं आणि उकडीचे मोदक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ताई, मुलगी सहा वर्षांची आहे, या गणपतीत मोदक मीच करणार म्हणून हट्ट धरून बसलीय. नक्की कुठली कामं तिच्या हाती द्यायची आणि कुठली नाही?

द्या की, भरपूर कामं आहेत. फक्त एक गोष्ट आधी ठरवून टाका, गरम काम आणि तिचं काम एकाच वेळी चालवायचं नाही. मोदकात गरम गोष्टी तीनच, गुळाचं सारण, उकड आणि मोदकपात्राची वाफ. या तिन्ही वेळा ती गॅसपासून निदान तीन फूट लांब पाहिजे. मी तर ओट्यापुढे फरशीवर खडूने रेघच मारते, पोरांना "इकडे येऊ नको" पेक्षा रेघ जास्त कळते.

सारण शिजायच्या आधी तिला वेलदोडे सोलायला बसवा. सालं एका वाटीत, दाणे दुसऱ्या वाटीत. कुटायचे तर छोटा दगडी खलबत्ता जमिनीवर ठेवून, पितळी जड खलबत्ता असेल तर नको, तो बत्ता पायाच्या बोटावर पडला की सण तिथंच संपला. नारळ तुम्हीच खवा, विळी आणि खवणी तिला नाहीच. पण खवलेल्या खोबऱ्यात करवंटीचे कण आणि ब्राऊन साल राहते ना, ती निवडायला सहा वर्षांचे डोळे आणि बोटं आपल्यापेक्षा भारी. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, हे मोजून कोरड्या कढईत घालायचं कामही तिचंच, कढई अजून गॅसवर चढलेली नसताना. जायफळ मात्र किसायला देऊ नका, शेवटचा तुकडा हातात उरतो आणि बोटाचं कातडं निघतं.

सारण शिजलं की ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम गूळ पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो आणि तिथंच भाजत राहतो, म्हणून "थोडं चाटून बघू दे ना" ला तेव्हा सरळ नाही म्हणायचं.

मुलाला उकड कधी द्यायची तेच कळत नाही. गरम दिली तर चटका, गार होऊ दिली तर मोदकाला चिरा पडतात. मग करायचं काय?

सगळ्यात जास्त गडबड इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक वाटी मोदकाचं पीठ, आमच्याकडे इगतपुरीकडच्या इंद्रायणीचं असतं, एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाणी उकळलं की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकूनच ठेवायचं. मग मळणं तुमचं, पूर्णपणे तुमचं, कारण उकड गरम असतानाच मळावी लागते नाहीतर गुठळ्या राहतात. तेवढा वेळ मुलगा दुसऱ्या कामाला.

आता मळून झाली की आपण काय करतो, गोळा हातात घेतो, वाटतं झाली कोमट, आणि देतो पोराच्या हातात. दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं. भाच्याला लिंबाएवढा गोळा दिला, वरून छान कोमट होता, त्याने अंगठा आत दाबला आणि ओरडलाच, आत वाफ कोंडलेली होती. फोड आला नाही पण बोट लाल झालं आणि तासभर तो उकडीला हात लावेना. चूक सगळी माझी. एक तर गोळा बाहेरून आधी गार होतो, मधे नाही. आणि दुसरं, आपले हात रोज तव्यावरच्या पोळ्या उलटून निबर झालेले असतात, आपल्या तळहाताला जे कोमट लागतं ते पोराच्या पातळ कातडीला कोमट नसतं.

म्हणून आता मी असं करते. एक वाटी पिठाचे दहा-अकरा गोळे होतात, ते लगेच करून तळहाताने चपटे दाबायचे आणि ताटात ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवायचे. चपटा गोळा आतपर्यंत लवकर निवतो. पाचेक मिनिटांनी एक उचलून मधोमध तोडायचा आणि आतली बाजू स्वतःच्या मनगटाच्या आतल्या भागावर टेकवून दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत हात मागे घ्यावासा वाटला नाही तर द्यायचा. वाटला तर अजून दोन-तीन मिनिटं थांबायचं, घड्याळापेक्षा मनगटावर विश्वास ठेवा.

आणि चिरांचं म्हणाल तर त्या गार झाल्यामुळे कमी आणि वरून वाळल्यामुळे जास्त पडतात. म्हणूनच ते ओलं फडकं. मुलाला द्यायच्या आधी प्रत्येक गोळा तुम्ही ओल्या हाताने पुन्हा अर्धा मिनिट मळा, परत मऊ होतो.

हाताने कळ्या पाडणं त्याला जमेल का, की साचा घेऊ? साच्यातले मोदक फुटतात असं ऐकलंय.

पारी आणि कळ्या सहाव्या वर्षी बहुतेक मुलांना जमत नाहीत, पारी फाटते आणि रडारड होते. साचा घ्या, भांडीबाजारात प्लॅस्टिकचे मिळतात. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कडेवरून आधी स्वतःचं बोट फिरवून बघा, काहींची कड धारदार असते, आणि साचा मिटताना त्याचं बोट मधे नाही ना हे बघा.

साच्याला आतून तूप लावणं त्याचं काम. साचा मिटायचा, खालच्या भोकातून उकड घालायची आणि करंगळीने आतल्या भिंतीला दाबत न्यायची, इथं लहान बोट आपल्यापेक्षा छान आत जातं. मग छोटा चमचा गार सारण, वर उकडीची टिकली, बंद.

फुटतात ते दोन जागी, टोकाला पातळ राहिले तर आणि टिकली नीट चिकटली नाही तर. साचा उघडल्यावर मोदक उजेडाकडे धरून बघा, जिथून सारणाचा तपकिरी रंग दिसतो ती जागा पातळ आहे. तिथं पाण्याचं बोट लावून उकडीचा छोटा तुकडा लावायचा, आणि हे मुलालाच शोधायला सांगा, आमच्याकडे "कुठून गूळ डोकावतोय" म्हणून तोच शोधतो. टिकलीची कड तेवढी तुम्ही एकदा दाबून घ्या.

सासूबाई म्हणतात सगळे खाली परातीभोवती बसून करू, मला ओट्याशी स्टूलवर बरं वाटतं. कोणाचं बरोबर?

सासूबाईंचं, पण एका अटीवर. स्टूलवर उभं पोरगं गॅसच्या उंचीला येतं, तोल गेला की हात आधाराला जे सापडेल ते धरतो, कढईचा कान सुद्धा. खाली बसलेलं पोरगं पडणार कुठं. पण मग खाली एकही गरम भांडं येता कामा नये. आपल्याकडे उकडीचं पातेलं सांडशीने उचलून सरळ परातीशेजारी टेकवायची सवय असते, आणि मुलं उठताना मागे न बघता पाऊल टाकतात. पातेलं ओट्यावरच, आतल्या बाजूला, खाली यायची ती फक्त मळून निवलेली उकड. मिक्सर, इंडक्शन यांची वायर पण खाली लोंबकळू देऊ नका.

मोदकपात्र लावणं, दहा-बारा मिनिटांनी झाकण काढणं हे मोठ्यांचं. झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूला उघडायचं, आणि मुलगा तेव्हा रेघेच्या बाहेर. वाफ दिसेपर्यंत लागलेली असते. गॅसवर चढवायच्या आधी गार चाळणीत ओलं फडकं पसरून मोदक मांडणं मात्र त्याला जरूर करू द्या, बोटभर अंतर ठेवून.

आमच्याकडे तळणीचे मोदक असतात. मग मुलाला काहीच करता येणार नाही का?

उलट जास्त करता येईल, कारण रवा-मैद्याचं पीठ गारच असतं आणि सारण सुक्या खोबऱ्याचं. गोळे, छोट्या पुऱ्या लाटणं, सारण भरणं, सगळं. फक्त सगळे मोदक भरून झाल्यावरच तेल तापवायला ठेवा आणि तळताना मुलगा स्वयंपाकघरात नको, रेघेबाहेर पण नको, कारण तोंड नीट न मिटलेला मोदक तेलात फुटला की तेल लांब उडतं. त्याने केलेल्या प्रत्येकाचं टोक तुम्ही पुन्हा चिमटून घ्या.

चटका बसलाच तर आधी काय करायचं? घरात कोणी हळद म्हणतं कोणी टूथपेस्ट.

दोन्ही नको, तूप नको, बर्फही नको. नळाखाली वाहत्या साध्या पाण्यात वीस मिनिटं. वीस म्हणजे खरंच वीस, घड्याळ लावून, पोरगं दोन मिनिटांत शांत झालं तरी. बांगडी, मनगटाचा दोरा, अंगठी लगेच काढा, नंतर सूज येते आणि निघत नाही. गूळ चिकटला असेल तर ओढून काढू नका, त्याच्यावरूनच पाणी सोडा. नंतर स्वच्छ सुती कापड सैल झाकून ठेवा, फोड फोडू नका. फोड आला असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजलं असेल, किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल तर थेट डॉक्टरकडे, जास्त असेल तर 108.

नैवेद्याचं असतं आणि हा सारखा बोट तोंडात घालतो, सासऱ्यांना चालत नाही. काय करू?

रागावून फरक पडत नाही, हात रिकामा झाला की तोंडात जातोच. मी नैवेद्याचे पहिले अकरा मोठ्यांनी करून झाकून ठेवते आणि मुलाची पाळी नंतर. त्याला सारणाची वेगळी छोटी वाटी देते, ती त्याचीच, खाल्ली तरी चालेल. साबणाने हात आधी आणि प्रत्येक वेळी तोंडाला लागला की पुन्हा, त्यासाठी मोरीजवळ पाट ठेवलेला असू द्या.

शेवटी उरलेल्या उकडीत मीठ-जिरं घालून निवगऱ्या थापायचं काम पूर्ण त्याचं. मिरचीचं वाटण तुमच्या वाट्याच्या उकडीत वेगळं मिसळा, त्याच्यात नको, तो हात डोळ्याला लावणारच. त्याने थापलेल्या वाकड्या चकत्या वाफवून वर तुपाची धार सोडून आजोबांच्या ताटात वाढा, त्या आधी संपतात.