मीठ तपासल्याशिवाय उंचीचं कोष्टक वाचू नकोस

नव्याने अंगणवाडी हाती घेतली आहेस, म्हणून सांगते. मूल वयाच्या मानाने बुटकं दिसलं की आपण आहार विचारतो, पण घरातलं मीठ बघत नाही. सोलापूरकडे पुष्कळ घरांत अजून साधं खडे मीठ असतं; त्यात आणि सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतंच.

थायरॉईडचं संप्रेरक आयोडीनपासून बनतं. ते कमी पडलं की वाढीचं संप्रेरक नीट काम करत नाही आणि हाडांच्या टोकाच्या कूर्चेची वाढ मंदावते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची थायरॉईड तयार नसते, सगळं आईकडूनच येतं. म्हणून गरोदरपण कळताच मीठ बघ, सातव्या महिन्यात नको.

गरोदर बाईला रोज सुमारे 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किलोला निदान 15 मिलिग्रॅम हवं. म्हणजे 8 ग्रॅम मिठातून 120 मायक्रोग्रॅम, शिजवताना त्यातलं थोडं उडतंच. बाकीचं दूध, दही, अंड्यांतून यावं. त्यासाठी मीठ वाढवायला मात्र सांगू नकोस.

चाचणी किटमधला थेंब चमचाभर मिठावर टाक आणि रंग तक्त्याशी जुळव. जांभळा उमटलाच नाही तर पुडा बदलायला सांग. रंग फिका आला तर बरणी कुठे ठेवतात ते विचार: चुलीशेजारी, उघडी, ओल्या चमच्याची असेल तर चांगल्या पुड्यातलंही आयोडीन जातं.

उपासमार आणि वारंवारच्या जुलाबांनी खुंटलेली उंची मिठाने भरून येत नाही. हाडांची टोकं जुळल्यावर तर नाहीच.