बाळंतपणानंतर केसांचा पोत बदलला, तर आधी मोजपट्टी घे

प्रश्न: डिलिव्हरीला अकरा महिने झाले. माझे केस लहानपणापासून अगदी सरळ. आता कपाळाजवळ आणि कानांवर वेडेवाकडे, लाटा आल्यासारखे झालेत, हाताला राठ लागतात. मैत्रीण म्हणते सोसायटीच्या टँकरच्या पाण्याने झालं, सासूबाई म्हणतात बाळंतपणाने. केसांचा पोतच बदलणं नॉर्मल असतं का? स्मूदनिंग करून टाकू का?

उत्तर: मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं पार्लर चालवते आणि दोन बाळंतपणं काढली आहेत, त्या जोरावर लिहिते. पोत बदलतो, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. पण तुझ्या दोघी सल्लागारांपैकी कोण बरोबर ते तुझा केसच सांगेल. त्यासाठी मोजपट्टी लागते.

आधी एक गोष्ट पक्की करून घे. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला हार्मोन, ताप, औषध, काही काही पोचत नाही. बदल होतो तो कातडीखाली मुळाशी, आणि तो फक्त तिथून पुढे उगवणाऱ्या भागात दिसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून सहा सेंटीमीटरवरचा तुकडा सहा महिन्यांपूर्वी तयार झालेला आहे. लांब केस म्हणजे दोन-तीन वर्षांची रोजनिशीच, शेवटचं पान टोकाला नाही, मुळाशी.

आता बाळंतपणाचं. एरवी डोक्यावरचे शंभरातले दहा-पंधरा केस विश्रांतीत असतात आणि गळून नवीन येतात, म्हणून रोज पन्नास ते शंभर केस जाणं साहजिक. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं आणि केस वाढीच्या अवस्थेतच रेंगाळतात, गळत नाहीत. म्हणून त्या महिन्यांत वेणी जाड लागते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन झपकन उतरतं, थांबलेले सगळे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी पुंजक्यांनी गळायला लागतात. माझी आजी म्हणायची, बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. कारण चुकीचं, पण कॅलेंडर अचूक.

गळलेल्या प्रत्येक केसाच्या जागी नवा येतो. नवा केस येताना मुळाची खालची पिशवी नव्याने घडते. ती सरळ असली तर केस सरळ, बाकदार आणि एका बाजूला कललेली असली तर लाटेदार किंवा कुरळा. म्हणजे वळण ठरतं ते तिथे, आणि वळण बदलायचं तर या नव्या पिढीत बदलण्याची शक्यता जास्त. वयात येतानाही असंच होतं. अँड्रोजेन वाढले की केस जाडसर होतात, टाळू तेलकट होते, आणि सरळ केसांच्या मुलीला तेराव्या-चौदाव्या वर्षी अचानक बटा येतात. माझ्याच आल्या, त्या आजतागायत आहेत.

तर पट्टी कशी लावायची ते. न्हायच्या दिवशी साधा शांपू लाव. तेल, कंडिशनर, सिरम काही नको. पंख्याखाली वाळू दे, विंचरू नको. मग कपाळाजवळून, कानावरून, टाळूवरून आणि मानेवरून एकेक लांब केस आणि एकेक आखूड केस मुळाजवळ कापून घे. उपटायचा नाही. मुळाकडच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लाव, नाहीतर पाच मिनिटांत कुठलं टोक कुठलं ते विसरशील. पांढऱ्या कागदावर सगळे शेजारी शेजारी ठेव.

तुझ्या वर्णनावरून माझा अंदाज असा की लांब केस टोकापासून मुळापर्यंत सरळच निघतील आणि वेडेवाकडे असतील ते फक्त सहा-आठ सेंटीमीटरचे आखूड. अकरा महिन्यांतून गळतीपर्यंतचे तीन-चार वजा केले की हाच आकडा येतो. तसं असेल तर सासूबाई जिंकल्या. आणि त्या आखूड केसांतला निम्मा वेडेपणा हा खरा बदल नसतोच. आखूड केसाला स्वतःचं वजन नसतं, म्हणून जरासं वळणही उभं राहतं. लांब केसात तेच वळण भाराने ताणून सरळ दिसतं. ते हनुवटीपर्यंत आले की पुन्हा बघ. काहींचे तोवर बसतात, काहींच्या लाटा कायम राहतात. दोन्ही मी पाहिलंय आणि कोणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही.

मुळाजवळचा भाग मऊ आणि फक्त खालची अर्धी लांबी राठ, फाटे फुटलेली असेल तर मैत्रीण बरोबर. जड पाणी, इस्त्री, रंग यांनी बाहेरचा थर खरखरीत होतो आणि केस जितका जुना तितका जास्त खराब. पाण्याने मुळातलं वळण बदलत नाही. तो भाग कापणे हाच उपाय.

तिसरा प्रकार मात्र बारकाईने बघ. लांब, जुने, न गळलेले केससुद्धा मुळाजवळच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये कोरडे, राठ झालेले असतील तर तो गळतीनंतरच्या नव्या पिढीचा मामला नाही. तेव्हा मुळांना सध्या काहीतरी कमी पडतंय असा संशय घ्यावा.

एक ताई आठवतात. बाळ नऊ महिन्यांचं, केस कमरेपर्यंत. स्मूदनिंगलाच आल्या होत्या. मी पट्टी लावली तर चारही ठिकाणच्या लांब केसांत वरचे साधारण चार सेंटीमीटर काथ्यासारखे आणि त्याखाली रेशीम. म्हणजे बदल बाळ पाच महिन्यांचं असताना सुरू झालेला. बोलता बोलता कळलं की त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजते, पोट साफ होत नाही, वजन उतरण्याऐवजी वाढतंय. त्या हे सगळं जागरणावर ढकलत होत्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही बायकांच्या थायरॉईडला सूज येते. आधी एक ते चार महिन्यांत तो जास्त काम करतो, तेव्हा छातीत धडधड होते आणि वजन उतरतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास तो मंदावतो, आणि मंदावलेल्या थायरॉईडचे केस असेच कोरडे, राठ, ठिसूळ असतात. त्यांचं वेळापत्रक तंतोतंत जुळत होतं.

मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. पहिल्या तपासणीत टीएसएच कमी आणि टी-फोर वाढलेला, म्हणजे थायरॉईड जास्त चालतोय असा उलटाच रिपोर्ट आला. त्या हसत परत आल्या, "तुझी पट्टी चुकली गं." पण थंडी आणि बद्धकोष्ठ त्या रिपोर्टशी जुळेना. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, गोळ्या काय चालू आहेत? केस गळतात म्हणून त्या रोज दहा मिलिग्रॅम बायोटिन घेत होत्या. भरपूर बायोटिन रक्तात असेल तर काही पद्धतींच्या थायरॉईड चाचण्या फसतात: टीएसएच खोटा कमी दिसतो, टी-फोर खोटा जास्त. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा इशाराही दिला होता. तीन दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच ३८ निघाला. साधारण ४ च्या आत हवा, इतका चढला म्हणजे थायरॉईड खरंच मंदावलेला. म्हणून तूही "हेअर गमी" वगैरे काही घेत असशील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांग आणि ते म्हणतील तितके दिवस थांबव.

थायरॉक्सिन सुरू झाल्यावर साधारण चार महिन्यांनी मुळाशी पुन्हा मऊ केस यायला लागला. मधला राठ पट्टा तसाच राहिला, कारण तो आधीच बाहेर आलेला. वर मऊ, मध्ये काथ्या, खाली रेशीम असा तिरंगा दीड वर्ष त्यांनी वेणीत लपवला आणि शेवटी बॉब केला. बऱ्याच जणींचा हा थायरॉईड वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होतो, काहींना गोळी कायम लागते. ते डॉक्टरांवर सोड. टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरीटिनही करून घे. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि लोह कमी असलं तर केस पातळ, निर्जीव येतो.

आजारपणाचं थोडक्यात. टायफॉईड, डेंग्यू, कोविड यांच्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असंच गळतं आणि वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू आहे. किमोनंतर सरळ केसांच्या जागी कुरळे येणं तर इतकं सर्रास आहे की पेशंट त्याला "किमो कर्ल" म्हणतात. बहुतेकींचे वर्षभरात हळूहळू मूळपदावर येतात. फिट्सच्या सोडियम व्हॅल्प्रोएटने आणि सोरायसिसच्या ॲसिट्रेटिनसारख्या गोळ्यांनीही वळण येऊ शकतं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. आणि घरात विशीतल्या भावाचे किंवा दिराचे केस अचानक टाळूवर आणि कानशिलांवर कुरळे, राठ झाले तर ते कधीकधी टक्कल पडायच्या आधीचं लक्षण असतं. त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर पाठव.

आता स्मूदनिंग. माझा गल्ला त्यावर चालतो, तरी तुला आत्ता नको म्हणेन. तुझे नवे केस सहा-आठ सेंटीमीटरचे आहेत आणि अजून येताहेत. आज सरळ केलेस तर तीन महिन्यांत मुळाशी पुन्हा लाटा, आणि लाट जिथे सरळ केलेल्या केसाला मिळते नेमकं तिथेच तो तुटतो. शिवाय "फॉर्मल्डिहाइड-फ्री" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. ते वापरल्यानंतर किडनीला अचानक इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. माझ्या पार्लरमध्ये मी ती ठेवत नाही. कुठेही गेलीस तरी डब्याच्या मागची बाजू वाचायला माग.

तोवर ओल्या केसांतच रुंद दातांच्या फणीने कंडिशनर फिरव आणि कपाळाजवळच्या झिपऱ्या थोड्या जेलने बाजूला बसव. पट्टी लावून काय दिसलं ते इथे लिही. प्रत्येक जागेचं माप वेगळं लिही, आणि लांब केसांची मुळाकडची बाजू हाताला कशी लागते तेही.