थकलेल्या भाड्यावरचं व्याज: सरळ की चक्रवाढ?

प्रश्न: तीन महिन्यांचं भाडं थकलंय, करारात फक्त ‘वार्षिक १८ टक्के व्याज’ लिहिलंय. घरमालक चक्रवाढ लावू शकतात का?

उत्तर: नाही, करारात ‘चक्रवाढ’ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सरळ व्याजच धरायचं. १९७८ चा व्याज कायदाही न्यायालयाला व्याजावर व्याज देण्याचा अधिकार देत नाही.

समजा, भाडं २०,००० रुपये, देय तारीख ५ आणि एप्रिल, मे, जूनचं भाडं तुम्ही ५ जुलैला देताय. दरमहा दीड टक्का म्हणजे ३०० रुपये. एप्रिलचं भाडं तीन महिने थकलं म्हणून ९००, मेचं ६००, जूनचं ३००. एकूण १,८०० रुपये. मासिक चक्रवाढीने हेच सुमारे १,८१८ होतात, म्हणजे फरक जेमतेम १८ रुपयांचा. खरी चूक वेगळीच असते: पूर्ण ६०,००० वर तीन महिन्यांचं व्याज लावून २,७०० मागितले जातात. हिशोबात आधी तेच तपासा.

मात्र करारात ‘रोज १०० रुपये’ असं विलंब शुल्कही असेल, तर ते वेगळं मागता येतं. पण वाद न्यायालयात गेला तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा.