फोटो जोडला, पण नंबर लिहिला का?

वॉरंटीच्या तक्रारीसाठी कंपनीला फ्रिजवरच्या स्टार लेबलचा फोटो पाठवला तर चालेल का?

नाही. ते वीजबचतीचं लेबल आहे. तुमच्याच फ्रिजचा सिरियल नंबर रेटिंग प्लेट नावाच्या छोट्या माहितीपट्टीवर असतो आणि ती बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर सापडते.

वॉशिंग मशीनच्या प्लेटचा फोटो पत्राला जोडला, तरी ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं. आता?

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. फ्लॅशची चकाकी नेमकी सिरियल नंबरवर आली आहे आणि पत्रात तुम्ही सिरियलऐवजी मॉडेल नंबर लिहिला आहे. मॉडेल नंबर त्या जातीच्या सगळ्या मशिनांना एकच असतो. नोंद सापडते ती सिरियलवरून.

प्लग काढा, प्लेट कोरड्या फडक्याने पुसा आणि फ्लॅश बंद ठेवून दोन फोटो घ्या: एक पूर्ण प्लेटचा, एक फक्त नंबरचा. मग फोटोवरून नव्हे, प्लेटसमोर बसून एकेक अक्षर उतरवा. ‘8’ आणि ‘B’, ‘0’ आणि ‘O’, ‘5’ आणि ‘S’ यांत घोटाळा होतो. शंका राहिली तर पत्रात ती मोकळेपणी लिहा: ‘सातवं अक्षर 8 किंवा B आहे, फोटो पाहावा.’ अंदाजाने एक अक्षर ठोकून देऊ नका, सगळी तक्रार अडते.

पत्रात मॉडेल, सिरियल, खरेदीची तारीख आणि बिल क्रमांक एकाखाली एक लिहा. पुढे दोष: ‘मशीन खराब आहे’ नको. ‘3 तारखेपासून कपडे पिळताना ड्रम घरघरतो, पाणी बाहेर जात नाही’ असं लिहा. शेवटी मागणी स्पष्ट करा: वॉरंटीत विनामूल्य दुरुस्ती आणि तक्रार क्रमांक.

बिल हरवलं. प्लेटवर उत्पादनाचा महिना आहे, तो पुरेल?

त्यावर विसंबू नका. वॉरंटी साधारणपणे खरेदीपासून मोजतात. मशीन दुकानात पाच महिने पडून असेल, तर उत्पादनाची तारीख धरल्यावर तुमचे पाच महिने बुडतात. दुकानदाराकडून बिलाची प्रत मागा, पैसे भरल्याची बँकेची नोंद जोडा, आणि ती चालेल का हे आधी कंपनीला विचारा.

मोटरवर 10 वर्षं वॉरंटी आहे, तरी तंत्रज्ञ पैसे मागतो.

अनेकदा फक्त मोटर फुकट असते, मजुरी आणि भेटीचं शुल्क मात्र द्यावं लागतं. जाहिरातीतला मोठा आकडा सोडा, वॉरंटी कार्ड वाचा.

तंत्रज्ञ म्हणतो, ‘आवाज थोडा वाढू दे, मग बघू.’ वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय.

थांबू नका! तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. आजच ईमेल करा, त्याचं हे वाक्यही तारखेसह लिहा. दुरुस्ती मुदतीनंतर झाली तरी तक्रार मुदतीतली होती, हे त्यावरून दाखवता येतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोला. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून साधारण 2 वर्षांची मुदत असते, पण तुमची 2 वर्षं कोणत्या दिवसापासून मोजायची हे वकिलाला कागद दाखवूनच ठरवा.