सायकल ट्रॅक सोडला म्हणून भरपाई बुडते का?

प्रश्न: पुण्यात सातारा रस्त्यावरून सकाळी सायकलने कामाला जात होतो. मागून आलेली मोटार मला ओलांडून पुढे गेली आणि लगेच डावीकडच्या गल्लीत वळली. मी तिच्या डाव्या दारावर आदळलो, मनगटाचं हाड मोडलं. चालक म्हणतो, इंडिकेटर दिला होता. विमा कंपनी म्हणते, शेजारी सायकल ट्रॅक असताना तुम्ही रस्त्यावर होतात. ट्रॅकवर टपऱ्या आणि उभ्या दुचाकी होत्या. माझा हक्क गेला का?

उत्तर: नाही. ट्रॅक असेल तर सायकल तिथूनच चालवावी, अशी सक्ती मोटार वाहन कायद्यात नाही. वाहतूक पोलिसांनी त्या रस्त्यासाठी वेगळी अधिसूचना काढली असेल, तर ती कंपनीने दाखवावी. दाखवली तरी अपघात त्या उल्लंघनामुळे घडला हे तिला सिद्ध करावं लागेल. मोहम्मद सिद्दिकी खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, नियमभंगाचा अपघाताशी संबंध दिसला पाहिजे. टपऱ्यांनी अडलेल्या ट्रॅकचे फोटो आजच काढा, अतिक्रमण हटलं की हा पुरावा जाईल.

इंडिकेटरने वळण्याचा इरादा कळतो, पुढे घुसण्याचा हक्क मिळत नाही. ज्याला ओलांडलं त्याला धोका होणार नाही, हे पाहूनच ओलांडायचं असतं. डावीकडे वळणाऱ्याने आधीच डावी कड धरून, आरसा पाहून, सायकल पुढे जाऊ द्यायला हवी होती.

तुमचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मोटारीवरची खूण. डावं दार किंवा पुढचं डावं मडगार्ड चेपलं असेल, तर मोटार तुमच्या बाजूला येऊन आडवी वळली हे दिसतं. मागचा बंपर चेपला असता, तर ‘सायकलच मागून धडकली’ असा बचाव उभा राहिला असता. म्हणून सायकल दुरुस्तीला टाकू नका. पंचनाम्यात मोटारीवरचा ठोका नेमका कुठे आहे ते नोंदवलंय का, ते वाचा. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जप्त करावं असा लेखी अर्ज पोलिसांना द्या आणि पोच घ्या.

हाड मोडणं कायद्याने जबर दुखापत आहे, त्यामुळे भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५(ब) फिर्यादीत असायला हवीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावा. कंपनी कलम १६४ खाली चूक कोणाची हे न पाहता अडीच लाख देऊ करेल. ते स्वीकारले तर कलम १६६ चा दावा संपतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेला पगार आणि मनगटात राहणारं अपंगत्व यांची बेरीज झाल्याशिवाय सही करू नका. अपंगत्वाची टक्केवारी उपचार पूर्ण झाल्यावरच ठरते, मात्र दावा तिच्यासाठी थांबवू नका. प्रमाणपत्र नंतरही जोडता येतं.