नवरीची डावी, बघणाऱ्याची नव्हे

प्रश्न: माझ्या कथेत गोव्यातल्या हिंदू लग्नाचा प्रसंग आहे. नवरीची नथ, मुंडावळ्या आणि हिरवा चुडा यांचं वर्णन करताना कुठला दागिना कुठे, हे चुकू नये म्हणून काय पाहावं?

नथ डाव्या नाकपुडीत. डावी म्हणजे नवरीची डावी. समोर उभं राहून बघणाऱ्याला ती स्वतःच्या उजव्या हाताला दिसते आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

हे तावातावाने लिहिते आहे, त्याला कारण आहे. भाचीचं लग्न फोंड्याजवळच्या आमच्या घरी झालं, त्यावर मी एका दिवाळी अंकाला लेख दिला होता. अंक हातात आला आणि बघते तर ‘डाव्या नाकपुडीत’ हे माझे शब्द बदलून ‘उजव्या’ केलेले. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, फोटोत स्वच्छ दिसतंय, नथ उजवीकडेच आहे.” मी म्हटलं, “त्याच फोटोत पदर कुठल्या खांद्यावर आहे तो बघा.” पदरही उजव्या खांद्यावर! आमच्याकडे नऊवारी असो की सहावारी, पदर डाव्या खांद्यावरच येतो. म्हणजे फोटोच उलटा छापलेला, आणि त्या उलट्या फोटोवरून माझं वाक्य सुधारलेलं. तरी ते गृहस्थ ऐकेनात. “एवढं कोण बघतं,” म्हणाले. बायका बघतात. पहिल्यांदा तेच बघतात.

तेव्हा फोटो समोर ठेवून लिहिणार असाल, तर आधी पदर शोधा. नथ आणि पदर एकाच बाजूला हवेत. दोन्ही नवरीच्या उजवीकडे असतील तर फोटो उलटा आहे. काही मोबाइलवर काढलेल्या सेल्फीतही असंच होतं. आणि नथीला साखळी लावून ती कानामागे केसांत अडकवू नका, ती उत्तरेकडची तऱ्हा. आपली मोत्यांची नथ नाकपुडीवरून खाली ओठाकडे झुकते. मोठी असली तर पाणी पिताना नवरी बोटाने ती जराशी उचलते. एवढी एक हालचाल लिहिलीत तर बाजू वेगळी सांगायचीही गरज नाही.

त्याच लेखात मुंडावळ्यांचीही वाट लावली होती. ‘भांगातून कपाळावर लोंबणाऱ्या मुंडावळ्या’, असं छापलं. भांगात बसते ती बिंदी. मुंडावळी कपाळावर आडवी येते, कुंकवाच्या वरून, आणि तिची गाठ डोक्याच्या मागे फुलांखाली झाकली जाते. दोन्ही कानशिलांपाशी तिचे सर सुटतात आणि गालांच्या कडेने खाली छातीपर्यंत लोंबतात. अक्षता पडतात तेव्हा तांदळाचे दाणे या सरांत अडकून बसतात. नवऱ्यालाही मुंडावळ्या असतात, त्या फक्त नवरीलाच बांधून मोकळे होऊ नका. मोत्यांऐवजी फुलांच्या असल्या तरी बांधायची रीत हीच.

चुड्याची जागा मनगटावर, हे कुणी चुकत नाही. चुकते ती वेळ आणि क्रम. आमच्याकडे कांकणकार घरी येऊन लग्नाआधीच चुडा भरतो. अंगठ्याच्या बुडाशी हात दाबून दाबून काचेची बांगडी वर चढवतो, आणि तो चुडा मग उतरवायचा नसतो. म्हणून लग्नाच्या सकाळी नवरी ‘एकेक हिरवी बांगडी हातात सरकवू लागली’ असं लिहिलंत की आमच्या बायका तिथेच पुस्तक मिटतील. सोनं चुड्याच्या मागेपुढे. पिछोडी ही मागची सोन्याची बांगडी, ती कोपराच्या बाजूला, काचेच्या मागे. ती अखंड असेल तर चुडा भरण्याआधीच घालावी लागते. पेच असेल तर नंतरही उघडून बसवता येते. आजीची जुनी पिछोडी नातीला घालायचा प्रसंग लिहीत असाल तर एवढं आधी ठरवून घ्या.

आणि अंतरपाट धरलेला असताना नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र दाखवू नका. ते अजून बांधायचं असतं.

हे सगळं मी आमच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या लग्नांवरून सांगते. नवरी मूळची तामिळ घरातली असेल तर नाकातला दागिना उजवीकडे येऊ शकतो, तिथे माझा नियम लावू नका. कुठल्या हातात किती बांगड्या हेही घरागणिक बदलतं. ज्या समाजातलं लग्न लिहिता आहात त्यातल्याच एखाद्या आजीला विचारा. संपादकांना मात्र विचारू नका. कथा पाठवाल तेव्हा सोबत लिहून द्या, की बाजू आणि क्रम मला न विचारता बदलायचा नाही.